निकाल वाचणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपल्या एकांकिका स्पर्धेचा निकाल लागून आठवडा झाला. मंडळाचं औपचारिक आभारपत्र तुम्हाला मिळालं असेल. हे पत्र माझं, निकालाच्या टेबलाशी तुमच्या शेजारी बसलेल्या कार्यकर्तीचं.

गेल्या वर्षी आम्ही गुणतक्ता हातात घेऊन वरून खाली वाचत गेलो होतो, म्हणजे पहिला क्रमांक सगळ्यात आधी! पुढच्या मिनिटाला निम्मं सभागृह बाहेर ढोल बडवत होतं. उत्तेजनार्थ बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीचं नाव तिच्या आईलाही ऐकू आलं नाही. ते मला वर्षभर खुपत होतं.

यंदा तुम्ही आल्या आल्या परीक्षकांकडे दोन गोष्टी मागितल्यात. अकराही एकांकिकांवर प्रत्येकी एक वाक्य, आणि सह्या होण्याआधी बेरीज पुन्हा एकदा. दुसरी मागणी मला, खरं सांगते, उगाच वेळ घालवणारी वाटली. पण एका परीक्षकांच्या कागदावर प्रकाशयोजनेच्या रकान्यातला ९ आम्ही १ वाचला होता. त्या एकांकिकेचे ३०० पैकी २०८ गुण २१६ झाले, आणि २११ वाली तिसऱ्या क्रमांकावरून खाली गेली. मंचावर चुकीचं नाव घेतलं गेलं असतं तर ते परत कसं घेणार होतो आपण?

मग तुम्ही पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापलेत. एका पुठ्ठ्यावर एकच बक्षीस, नाव ठळक, उच्चार संघाच्या प्रमुखाला विचारून घेतलेला. २०१५ च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत निवेदकाने उपविजेतीलाच विजेती म्हणून जाहीर केलं, कारण सगळे निकाल एकाच कार्डावर होते आणि विजेतीचं नाव खाली कोपऱ्यात होतं, हे तुम्ही पुठ्ठे कापता कापता सांगितलंत.

क्रम तुम्ही खालून वर लावलात. नेपथ्य, प्रकाश, संगीत, मग अभिनय, मग सांघिक उत्तेजनार्थ. दिग्दर्शनाचं बक्षीस मात्र मागे ठेवलंत, कारण ते कळलं की करंडक कुणाचा हे प्रेक्षक ओळखतात. आणि ती वाक्यरचना! आम्ही ‘प्रथम क्रमांक अमुक महाविद्यालयाने पटकावला आहे’ असं म्हणतो. नाव आलं की आरडाओरडा, क्रियापद कुणी ऐकतच नाही. तुम्ही वाक्य उलटं केलंत. ‘यंदाचा करंडक पटकावला आहे...’ आणि थांबलात. मनातल्या मनात तीन आकडे मोजले, असं नंतर म्हणालात. त्या तीन आकड्यांत मागच्या रांगेतली खुर्ची करकरलेली मला ऐकू आली. तुम्ही तेवढंच ताणलंत. खोटी हूल दिली नाहीत, दोन संघांना मंचावर समोरासमोर उभं केलं नाहीत. मुलांच्या छातीतल्या धडधडीवर टाळ्या मिळवायच्या नाहीत, हे तुमचं म्हणणं मला फार पटलं.

पण हे पत्र मी लिहायला घेतलं ते त्या अकरा वाक्यांसाठी. सांघिक बक्षिसं सुरू होण्याआधीच तुम्ही ती वाचलीत, सादरीकरणाच्या क्रमाने, अकराच्या अकरा. मी विचारलं होतं, न जिंकलेल्यांबद्दलच बोलायचं ना? तुम्ही म्हणालात, ‘अगं, फक्त त्यांच्याबद्दल बोलले तर त्यांना तिथेच कळेल की आपण गेलो. आणि शेवटी बोलले तर ऐकणार कोण?’ ‘सगळेच विजेते आहेत’ हे वाक्य तुम्ही एकदाही उच्चारलं नाहीत. अकरातल्या सहा संघांच्या हाती सांघिक काहीच लागणार नव्हतं, आणि तुम्ही त्यांच्याशी खोटं बोलला नाहीत.

विहिरीच्या एकांकिकेबद्दल तुम्ही वाचलंत, ‘रिकामी बादली वर येताना दोराला ओझ्याचा ताण होता, म्हणून आम्हाला तिच्यात पाणी दिसलं.’ तो दोर विंगेतून ओढणारा मुलगा माझ्या बाजूला पडद्यापाशी उभा होता. मंचावर तो एकदाही आला नव्हता, पत्रिकेत त्याचं नावही नव्हतं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दोराने सोललेल्या स्वतःच्या तळव्यांकडे. तो संघ बक्षिसाविना गेला. पण सामान टेम्पोत चढवून झाल्यावर तो मुलगा परत आला आणि म्हणाला, ‘काकू, ते वाक्य लिहिलेला कागद मिळेल का?’

मी तुम्हाला न विचारता तो त्याला देऊन टाकला. तुमच्या पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात एक कागद कमी भरेल, तो त्याच्याकडे आहे.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
निकालाच्या टेबलाशी बसलेली कार्यकर्ती