बाणेरच्या फ्लॅटचे निमंत्रण

पुणे, रविवार

प्रिय रेवा,

गुडघा नेहमीसारखा कुरकुरतो आहे आणि आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले, तब्येतीचे एवढेच. पत्र लिहायचे कारण वेगळे आहे, आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगितले तर आधी ‘या वयात डेटिंग अ‍ॅप कशाला’ यावरच व्याख्यान ऐकावे लागेल.

ज्या बाणेरच्या गृहस्थांविषयी मी तुला फोनवर सांगितले होते, त्यांनी पहिल्या भेटीसाठी स्वतःचा फ्लॅट सुचवला. कॅफेत गोंगाट असतो, घरी निवांत बोलता येईल आणि चहा मी उत्तम करतो, असा मजकूर होता. मला राग आला नाही. घटस्फोटानंतर एकट्या राहणाऱ्या माणसाला खरोखरच गोंगाट नकोसा होत असेल, असे वाटले. पण वाटणे निराळे आणि अनोळखी माणसाच्या दाराला आतून कडी लागणे निराळे. मी लिहिले, ‘पहिली भेट मी बाहेरच घेते. शनिवारी सकाळी दहाला कर्वे रस्त्यावरच्या कॅफेत तासभर भेटू या, त्या वेळी तिथे शांत असते. जमेल का?’

या उत्तरात मी मुद्दाम कोणतीही सबब दिली नाही, कारण सबबीवर तोडगा निघतो. लांब पडते म्हटले की ‘मी गाडी घेऊन येतो’ असे उत्तर येते, आणि त्यांची गाडी म्हणजे चाके लावलेली बंद खोलीच. आईला बरे नाही म्हटले तर केवळ तारीख बदलते, फ्लॅट तिथेच राहतो. म्हणून नकार एका वाक्यात द्यावा आणि त्याला लागूनच जागा, वेळ व मुदत आपण सांगावी, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला खरे काही तरी मिळते.

त्यावर ते म्हणाले की कर्वे रस्त्यावर ओळखीचे लोक भेटतात. हेही मला पटले. वैशाली हॉटेलात नाव लिहून दारात ताटकळताना तुझ्या मामेसासूबाई आपल्याला कशा भेटल्या होत्या, ते मी विसरलेले नाही! मी कल्याणीनगर सुचवले, तिथे ना त्यांचे कुणी, ना माझे. आता गोंगाट नव्हता आणि ओळखीचेही नव्हते. तेव्हा तिसरे उत्तर आले: ‘खाली सोसायटीच्या बागेत भेटू, मग वाटले तर वर येऊ. एवढाही विश्वास नाही का?’

रेवा, इथे माझे डोके चालू लागले. ज्याची अडचण खरी असते, तो ती सुटली की तयार होतो. इथे प्रत्येक अडचण सुटल्यावर नवी उगवत होती आणि भेटीची जागा मात्र त्याच इमारतीकडे सरकत होती. ‘विश्वास नाही का’ हे वाक्य तू लोणावळ्याच्या भांडणात मला ऐकवले होतेस आणि मी आठवडाभर बोलले नव्हते. पण तुझ्यावर विश्वास होता म्हणून ते लागले. या गृहस्थांना मी पाहिलेही नव्हते, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही. मी लिहिले, ‘पहिल्या भेटीत विश्वासाचा प्रश्न नसतो. बाहेर जमत नसेल तर इथेच थांबू.’

पुढे ‘तुम्ही बायका’ असे सुरू होणारे एक वाक्य आले. अनमॅच केले की बहुधा सगळा संवाद नाहीसा होतो, म्हणून मी आधी स्क्रीनशॉट घेतले, अ‍ॅपवर तक्रार नोंदवली आणि मगच त्यांना हटवले.

तू म्हणशील, बाहेर भेटायला तयार झाला असता तर सज्जन ठरला असता का? मुळीच नाही. शिवाय जागा बाहेरची असून भागत नाही, ती आपण निवडलेली असावी लागते. दिल्ली-मुंबईत अ‍ॅपवर जुळलेली व्यक्ती स्वतःच्याच पसंतीच्या कॅफेत नेते, अवाच्या सवा बिल येते आणि तिचा त्यात वाटा असतो, असे प्रकार उघडकीस आले आहेत. त्यात फसले ते पुरुष. ऐन वेळी ‘तिथे बंद आहे, जवळच दुसरीकडे जाऊ’ असा निरोप आला तरी मी परत फिरेन. जाणे-येणे माझ्या स्कूटरवर. व्हॉट्सअ‍ॅपवरचे लाइव्ह लोकेशन मात्र तुला नाही, शेजारच्या मीनाताईंना पाठवीन. ते आठ तासांपर्यंत चालू ठेवता येते, पण तू अमरावतीत बसून धावत येणार कशी?

एक प्रश्न उरतोच, आणि तो तुलाच विचारते. दुसऱ्या उत्तरापर्यंत ते सभ्यच होते. तिथेच मी थांबले असते तर मी संशयी ठरले असते का? मला वाटते, नाही, कारण नाही म्हणायला दुसऱ्याचा दोष सिद्ध व्हावा लागत नाही. पण तू वकिलीणबाई, तुझे मत निराळे असेल.

बदलीचे काय झाले? चिनूचा प्रवेश झाला का? श्रीरंगरावांना नमस्कार सांग. माझी लोणच्याची बरणी तुझ्याकडेच आहे, ती येताना रिकामी आणू नकोस.

तुझी,
अनघा