शिल्पे, तुझ्या ऑफिसातल्या लिपस्टिकवरून

प्रिय शिल्पे,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. सोमवारी तोंड धुवून तशीच गेलीस तर "बरं नाहीये का गं", आणि गुरुवारी काजळ नि मरून लिपस्टिक लावलीस तर "कुणाचं लग्न आहे?" आणि दोन्ही वेळा तोच माणूस, म्हणजे कमालच झाली!

मला एकदम ती अमेरिकेतली केस आठवली. नेवाडातल्या रीनो गावी हॅराज नावाचा कॅसिनो, तिथे डार्लीन जेस्पर्सन जवळपास 20 वर्षं बारवर काम करत होती, काम चोख, गिऱ्हाईकं खूश. मेकअप करायची नाही. मागे कधीतरी काही आठवडे करून बघितला होता, पण तो चेहरा आपला वाटेना म्हणून सोडून दिला. मग 2000 साली कंपनीने नियम काढला की बायकांनी पावडर, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावायचीच, रोज, आणि पुरुषांनी अजिबात नाही, त्यांनी केस कॉलरच्या वर ठेवायचे नि नखं नीट कापायची. एक्सपर्टकडून प्रत्येकीला तयार करून फोटो काढायचे आणि पुढे रोज तशीच दिसतेस का ते सुपरवायझर त्या फोटोशी ताडून बघणार!! हिने नाही म्हटलं, नोकरी गेली.

कोर्टात गेली आणि 2006 मध्ये अपिलात 7 विरुद्ध 4 अशी हरली. कारण काय, तर मेकअपला पुरुषांच्या नियमांपेक्षा जास्त वेळ नि पैसा लागतो याचा पुरावाच तिने दिला नाही. आता याला पुरावा लागतो? विरोधातल्या एका जजने लिहिलं की जे मेकअप करत नाहीत त्यांनाही तो वेळ माहितीये, घड्याळाकडे बोट दाखवत ताटकळण्यात त्यांचेच कितीतरी तास गेलेत.

पण मला वाटतं तिच्याकडे निदान भांडायला लेखी कागद तरी होता. तुझ्याकडे काय आहे? तुला कुणी नियम सांगितलेला नाही, फक्त टोमणे आहेत, आणि टोमण्याविरुद्ध एचआरकडे काय घेऊन जाणार. टोमणे मारणाऱ्यांना हवा असतो तो "नॅचरल लुक", म्हणजे डोळ्याखाली आधी केशरी करेक्टर, त्यावर कन्सीलर, पातळ बेस, ओठांच्याच रंगाची लिपस्टिक, एवढं सगळं करायचं आणि कळू द्यायचं नाही. त्यात आपल्या सावळ्या रंगाला शेड जरा फिकी पडली की चेहरा राखाडी दिसतो, मग "किती थापलंय" म्हणायला मोकळे. खरं तर थर पातळच असतो गं, शेड चुकलेली असते. दुकानात हातावर नाही, जबड्याशी लावून बघ आणि उन्हात येऊन अर्ध्या तासाने आरसा बघ, काही बेस हवेत गडद होतात.

हे तुला लावायचं असेल तर हं. नसेल तर त्या माणसाला पुढच्या वेळी सरळ विचार, "तुम्ही आज काय लावलंय?" आणि काय म्हणाला ते मला लगेच कळव.

तुझी,
मीनू