ओमच्या ट्रस्टबद्दल

चि. सई,

अनेक आशीर्वाद. परवा तू रागावून फोन ठेवलास. "फ्लॅट माझ्या नावावर करा, ओमचं मी बघेन. माझ्यावर विश्वास नाही का?" तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोललेली नाही. विश्वास पूर्ण आहे गं. मला भीती वाटते ती तुझ्यानंतरची.

फ्लॅट तुझ्या नावावर झाला की कायद्याने तो तुझाच. उद्या तुला काही झालं तर तो तुझ्या वारसांकडे जाईल आणि ओम तुझा भाऊ असला तरी त्याला त्यावर काही मागता येणार नाही. ओमच्या नावावर ठेवावा, तर त्याला व्यवहार कळत नाहीत; भाड्याच्या करारावर सही कोण करणार? मार्चमध्ये तो 18 चा होतोय. त्यानंतर आम्ही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. ठाण्यातला अर्ज मी भरतोय. पण मी गेल्यावर तुला तो पुन्हा करावा लागेल, आणि तुझ्यानंतर कोणाला?

म्हणून खाजगी ट्रस्ट. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात, खर्च फक्त ओमसाठी. विश्वस्त तू, मिलिंदकाका आणि निनाद. एक गेला की उरलेल्यांनी नवा नेमायचा, हे डीडमध्येच लिहायचं. आत्ता थोडी रक्कम घालून ट्रस्ट सुरू करू. फ्लॅट आणि ठेवी मृत्युपत्राने त्यात जातील. फ्लॅट आजच ट्रस्टला दिला तर मुद्रांक शुल्क पडतं, मृत्युपत्राने गेला तर ते वाचतं. ओमनंतर जे उरेल ते तुझ्या मुलांचं.

थेरपी, वर्कशॉप, औषधं धरून आज त्याला महिना 25,000 लागतात. महागाई 6 टक्के धरली तर खर्च 12 वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे ओम 42 चा होईल तेव्हा महिना एक लाख. सगळं एफडीत ठेवलं तर कर कापून हाती येणारं व्याज महागाईला पुरत नाही; काही भाग शेअर बाजाराच्या फंडात हवाच. तूही आत्तापासून... जाऊ दे. तुझ्या पगाराचा हिशेब मी मागायला नको होता, परवाही आणि आजही. माफ कर.

गेल्या आठवड्यात ओमने नाक्यावर वडापावला पाचशेची नोट दिली आणि सुटे न घेताच घरी आला. वडापाव मात्र अर्धा आईसाठी राखून ठेवला होता. दहावीच्या वर्षीही तू त्याला संध्याकाळी तलावपाळीला हात धरून फिरवायचीस. मैत्रिणी पुढे निघून जायच्या, तू त्याच्या चालीने चालायचीस. तुझ्यावर विश्वास नाही असं मी कसं म्हणेन? पण तू थकलीस, आजारी पडलीस, तर त्याचे पैसे दुसऱ्या कुणाला तरी काढता आले पाहिजेत.

मसुदा वकिलांनी पाठवलाय. तुला मेल केलाय. विश्वस्त बदलण्याचं कलम नीट वाच, निनादलाही दाखव. पॅन आणि आधारच्या प्रती पाठव. पटलं नाही तर फोन कर, मी मध्ये बोलणार नाही.

तुझा,
बाबा