चेहरा पाहून टोकन पाठवलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या भाच्याला ऐरोलीत नोकरी लागली. साताऱ्याहून यायच्या आधी तो इंटरनेटवर भाड्याचं घर शोधत होता. एका वन बीएचकेच्या जाहिरातीवर मालकाची मुलगी म्हणून कोणी बोलू लागली आणि तिने पंधरा हजार टोकन मागितलं. भाच्याने मला तिचा डीपी पाठवला. सौम्य चेहरा, हलकं हसू. ‘चांगल्या घरातली दिसते, पाठव,’ असं मीच म्हणाले. त्याने फोटो गूगलवर टाकून शोधलाही होता. कुठेच सापडला नाही, तेव्हा तो चोरीचा नाही असं समजून आम्ही निर्धास्त झालो. चावी घ्यायला गेलो, तर वॉचमन म्हणाला, त्या फ्लॅटमध्ये मालक स्वतःच राहतात. तिचा फोन बंद.

घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. एका कानात डूल, दुसऱ्यात नुसता खडा, आणि केसांच्या कडेला मागची भिंत विरघळल्यासारखी. चेहरा संगणकाने बनवलेला असणार. मग तो गूगलवर सापडणार कसा? ती बाई जगात कुठे नाहीच. चोरलेला फोटो ज्या शोधात पकडला जातो, त्याच शोधाने आमचा संशय घालवला.

लँकेस्टर विद्यापीठाच्या सोफी नाइटिंगेल आणि बर्कलेचे हॅनी फरीद यांचा २०२२ सालचा अभ्यास मी त्यानंतर वाचला. त्यांनी ३१५ जणांना खरे आणि बनावट चेहरे ओळखायला दिले. बरोबर उत्तरं ४८ टक्के, म्हणजे छापा-काटा केल्यासारखीच. दुसऱ्या गटाला खुणा शिकवल्या, प्रत्येक उत्तरानंतर चूक की बरोबर तेही सांगितलं, तरी आकडा ५९ वरच थांबला. तिसऱ्या गटाने विश्वासार्हतेला १ ते ७ गुण दिले. खऱ्या चेहऱ्यांना सरासरी ४.४८, बनावटांना ४.८२. फरक मोठा नाही, पण तो बनावटाच्या बाजूने आहे, हे वाचून मला धक्का बसला. हसऱ्या चेहऱ्यांमुळे असं झालं म्हणावं, तर हसरे चेहरे खऱ्यांमध्येच जास्त होते. संशोधकांचा अंदाज असा, की हे चेहरे सरासरी चेहऱ्याच्या जवळ जातात, आणि सरासरी चेहरा माणसाला भरवशाचा वाटतो. माझं ‘चांगल्या घरातली दिसते’ बहुधा तिथूनच आलं.

कानातले डूल पाहायची सवय लावूनही भागणार नाही, नव्या प्रोग्रॅममध्ये अशा चुका कमी होत चालल्या आहेत. आम्ही चेहऱ्याऐवजी घर तपासायला हवं होतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू काढून मालकाचं नाव बघायचं, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारायचं, आणि दार उघडून घर पाहिल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन तोवर दोन दिवस झाले होते. ज्या खात्यात ते गेले, तिथे काहीच शिल्लक नव्हतं.

– एक वाचक, कळवा (ठाणे)