पोस्टरवर एकच वाक्य मोठं असू दे

लातूर, १२ जानेवारी

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

संमेलनासाठीच्या तुझ्या पोस्टरचा मसुदा मिळाला. फोनवर तू घाईत होतीस, म्हणून निवांत लिहिते आहे. मागच्या रब्बीत हरभऱ्याच्या मर रोगावर तू बीजप्रक्रियेचा जो प्रयोग केलास तो चांगला आहे, पण पोस्टर पाहून तो कळत नाही. वरच्या निम्म्या जागेत प्रस्तावना आणि साहित्य-पद्धती आहे आणि निष्कर्ष खाली उजव्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर. वाकून वाचायला तिथं कोणी थांबत नाही गं.

आधी तुला काय सांगायचं आहे ते ठरव. तू लिहिलं आहेस, ‘ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक एकत्र वापरणं सर्वोत्तम.’ आता तुझेच आकडे बघ. काहीच न लावलेल्या वाफ्यांत २४ टक्के मर, नुसत्या ट्रायकोडर्मा बुरशीला १३, कार्बोक्सिन-थायरम या बुरशीनाशकाला ११ आणि दोन्ही मिळून १०. टक्केवारीचं तू आर्कसाइन रूपांतर केलंस, तेव्हा सी.डी., म्हणजे फरक खरा मानायची किमान मर्यादा, त्या रूपांतरित आकड्यांनाच लावायची. नुसता ट्रायकोडर्मा २१.१ आणि दोन्ही मिळून १८.४, म्हणजे फरक २.७. तुझी सी.डी. ३.५ आहे. फरक सी.डी.पेक्षा कमी, म्हणजे तिन्ही प्रक्रिया अ‍ॅट पार. ‘सर्वोत्तम’ म्हटलंस की परीक्षक पहिलं बोट तिथंच ठेवतील. तिन्ही सारख्याच आहेत असंही सिद्ध झालेलं नाही, फरक दिसला नाही एवढंच. पण काहीच न लावण्याशी तुलना केली तर त्याच रूपांतरित आकड्यांत नुसत्या ट्रायकोडर्मानेही ८.२ चा फरक पडतो आणि तो पक्का आहे. म्हणून शीर्षकाखाली ठळक अक्षरांत लिही: ‘किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळल्याने हरभऱ्यातली मर जवळपास निम्म्यावर आली.’

हे वाक्य डोळ्यांच्या उंचीवर घे. त्याच्या लगेच खाली चार स्तंभांचा आलेख आणि स्तंभांच्या डोक्यावर अ, ब, ब, ब अशी अक्षरं. सात रकान्यांचा तक्ता काढून टाक, तो वहीत ठेव आणि कोणी विचारलं तर दाखव. पद्धतीला चार ओळी पुरे: चार प्रक्रिया, पाच रेप्लिकेशन, वाण, आणि मर कधी मोजली ते.

अक्षरं पुरेशी मोठी आहेत का ते घरीच कळतं. तुझं पोस्टर ए-झिरो आकाराचं आहे, ते ए-फोर कागदावर छाप. कागद लांबीने बरोबर चौपट लहान होतो. तो हातभर अंतरावर धरून मजकूर वाचता आला, तर उभ्या माणसाला दोन पावलांवरून पोस्टर वाचता येईल. फ्लेक्सवाल्याला पीडीएफच दे, नाहीतर त्याच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात.

आता प्रश्नांबद्दल. एम.एस्सी.ला असताना माझ्या पोस्टरसमोर एका परीक्षकांनी विचारलं होतं, ‘ही मरच कशावरून? कोरडी मूळकूज नसेल कशावरून?’ माझ्याकडे सुकलेल्या झाडाचा फोटो होता, पण दोन्ही रोगांत झाड वरून सुकलेलंच दिसतं. मी गप्प उभी राहिले, ते अजून आठवतं. मर ओळखायची तर खोड आणि मूळ उभं चिरावं लागतं. बाहेरून मूळ ठीक दिसतं आणि आत मधोमध तपकिरी-काळी रेघ असते. मूळकुजीत मूळ ठिसूळ होतं, उपटताना तुटतं आणि बारीक मुळं राहिलेली नसतात. तुझ्याकडे चिरलेल्या खोडाचा फोटो आहे, पण तू तो टपाल तिकिटाएवढा लावला आहेस. तो तळहाताहून मोठा कर.

दुसरा प्रश्न येईल कार्बेन्डाझिमचा: ते का घेतलं नाही? ते ट्रायकोडर्माचीही वाढ रोखतं, म्हणून एकत्र वापरायला कार्बोक्सिन-थायरम निवडलं, असं सरळ सांग. आधी बुरशीनाशक लावलं, बी सुकल्यावर ट्रायकोडर्मा चोळलं, हा क्रमही सांग.

तिसरा प्रश्न खरा अवघड आहे. तू जेजी-६२ वाण पेरलास, कारण तो मरीला लगेच बळी पडतो आणि फरक स्पष्ट दिसतो. पण शेतकरी विजय, दिग्विजय पेरतात, आणि ते मरीला बऱ्यापैकी तोंड देतात. तिथं एवढाच फायदा होईल का, असं कोणी विचारलं तर ‘त्या वाणांवर मी प्रयोग केलेला नाही, आणि हा एका हंगामाचा, एका जागेचा निकाल आहे’ असं म्हण. ओढूनताणून उत्तर देऊ नकोस. ही मर्यादा पोस्टरवरही एका ओळीत लिही.

आपल्या खालच्या तुकड्यातल्या हरभऱ्यात चार-पाच झाडं माना टाकून उभी आहेत. संमेलनाच्या आदल्या दिवशी बाबा राहुरीला येतील, त्यांच्याबरोबर ती मुळासकट ओल्या कागदात गुंडाळून पाठवते. एक चिरून टेबलावर ठेव, बाकीची विचारणाऱ्यांसमोर चीर.

तुझी,
आई

ता.क. सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव, म्हणजे आकडे मी एकदा तुझ्या वहीशी ताडून बघेन.