कृषिमंत्र्यांना खुले पत्र: टोळांची सरासरी काढू नका

माननीय कृषिमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

टोळधाडीचा विषय निघाला की चर्चा फवारणीवर येऊन थांबते. गाड्या किती, पंप किती, औषधाचा साठा किती. या गोष्टी लागतातच, पण त्या लागतात तेव्हा मुख्य घडामोड होऊन गेलेली असते. ती आधी कुठे आणि कशी घडते, हे आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र. कीटकशास्त्र शिकवण्यात माझा सारा जन्म गेला, त्यामुळे थोडे मास्तरकीने लिहिले गेले तर सांभाळून घ्यावे.

वर्गात मी दरवर्षी दोन टाचलेले नमुने फिरवायचो. दोन्ही पिल्ले वाळवंटी टोळाची, पंख फुटायच्या आधीची. एक हिरवेगार, गवतात टाकले तर सापडू नये असे. दुसरे काळे-पिवळे, लांबूनच डोळ्यांत भरणारे. ही एकच जात आहे, असे सांगितले की निम्मा वर्ग हसायचा. त्यांचा तरी काय दोष? स्थलांतरी टोळाची अशी दोन रूपे शास्त्रज्ञही दोन वेगळ्या जाती म्हणूनच नोंदवत होते. १९२१ मध्ये बोरिस उवारोव्ह यांनी दाखवून दिले, की ती एकाच जातीची दोन रूपे आहेत आणि एकातून दुसरे घडू शकते.

म्हणजे टोळ हा मुळात नाकतोडाच. एकटा असतो तेव्हा रंग लपवून बसतो, दिवसा फारसा हलत नाही, उडायचे झाले तर रात्री उडतो आणि दुसरा टोळ दिसला की दूर सरकतो. नाकतोड्यांच्या हजारो जातींपैकी जेमतेम वीस-बावीस जातींत गर्दी झाली की हा स्वभाव उलटतो. मग तोच प्राणी भाऊबंदांकडे ओढला जातो. पिल्ले जमिनीवरून एका दिशेने चालत सुटतात, पंख फुटलेले टोळ भर दिवसा थव्याने उडतात.

हा पालट नेमका कशाने होतो, याचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. वाळवंटी टोळाचे एकटे वाढवलेले पिल्लू घ्यायचे आणि बारीक कुंचल्याने त्याच्या मागच्या पायाच्या मांडीला बाहेरून स्पर्श करायचा. दर मिनिटाला पाच सेकंद, असे सलग चार तास. नंतर ते एका लांबट पेटीत ठेवायचे. पेटीच्या एका टोकाला पारदर्शक भिंतीआड टोळांची गर्दी, दुसरे टोक रिकामे. पिल्लू गर्दीकडे जाते की तिच्यापासून पळते, ते पाहायचे. मांडीला स्पर्श झालेली पिल्ले गर्दीकडे गेली. अंगावर इतरत्र स्पर्श केला तर तसा परिणाम झाला नाही. हे काम २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २००९ मध्ये कळले, की गर्दीत सापडलेल्या टोळाच्या छातीतल्या मज्जागंडांमध्ये, म्हणजे चेतापेशींच्या गाठींमध्ये, सेरोटोनिन हे चेतापेशींचे निरोप वाहणारे रसायन दोनेक तासांत सुमारे तिप्पट होते. त्याचे काम औषधाने अडवले, तर स्वभाव पालटत नाही.

मांडीच का? दाटीवाटीत खाताना शेजारच्याचा धक्का पहिल्यांदा तिथेच लागतो. स्पर्श हा एकमेव मार्ग मात्र नाही. दुसऱ्या टोळांचे दिसणे आणि त्यांचा वास एकत्र आले, तरी पालट सुरू होतो. आणि ऑस्ट्रेलियातल्या टोळामध्ये मांडीऐवजी मिशांना झालेला स्पर्श कामाचा ठरतो. एका जातीचा नियम दुसरीला जसाच्या तसा लावून चालत नाही.

स्वभाव काही तासांत पालटतो, शरीर मात्र सावकाश. रंग कात टाकताना बदलतो. हिरव्याचा काळा-पिवळा होतो, कारण गर्दीत लपणे शक्यच नसते. बांधा बदलायला पिढ्या जातात. डोक्याच्या मानाने मांडी आखूड होते, मांडीच्या मानाने पंख लांब होतात. जाणकार माणूस मोजपट्टी लावून सांगू शकतो, की हा टोळ कोणत्या रूपाकडे झुकला आहे. त्यात आईचाही वाटा असतो. गर्दीत राहिलेल्या मादीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतानाच काळपट असतात. नुकताच गर्दीत आलेला टोळ वेगळा काढला तर काही तासांत पुन्हा एकलकोंडा होतो. पिढ्यान्‌पिढ्या गर्दीत वाढलेला इतक्या सहज निवळत नाही. आपल्याला हवी असलेली संधी या फरकात आहे, आणि ती फार थोडा वेळ टिकते.

आता मुद्द्यावर येतो. एकटे राहू पाहणारे टोळ मुळात एकत्र येतात कसे? पाऊस पडतो, वाळवंट हिरवे होते, टोळ वाढतात. तोवर सगळे पांगलेले असतात. मग हिरवळ वाळू लागते आणि उरलेल्या झुडपांवर सगळ्यांना यावेच लागते. समजा, एका हेक्टरवर १,००० पिल्ले आहेत. सरासरी काढली तर दहा चौरस मीटरला एक. अहवालात हा आकडा अगदी निरुपद्रवी दिसतो. पण त्या हेक्टरवर चौरस मीटरभर पसरलेली दहाच झुडपे हिरवी उरली असतील आणि सगळी पिल्ले तिथेच असतील, तर प्रत्येक झुडपावर शंभर झाली. तिथे मांड्यांना धक्के लागणारच. संख्या तीच, हेक्टर तोच. एकीकडे नाकतोडे, दुसरीकडे टोळधाडीची सुरुवात.

२०१८ मध्ये असेच झाले. मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान ही चक्रीवादळे अरबस्तानातल्या रुब अल खाली वाळवंटावर बरसली. वाळूत तळी साचली आणि जिथे माणूस फिरकत नाही तिथे टोळांच्या तीन पिढ्या निघाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अंदाजाने संख्या सुमारे ८,००० पट झाली. लोकांना थवे दिसले ते नंतर. मे २०२० मध्ये टोळ विदर्भात उतरले तेव्हा आपण थाळ्या, डबे, फटाके काढले. आवाजाने थवा उठतो, हे खरे. पण तो पुढच्या शेतात बसतो.

म्हणून मागणी फवारणीच्या तरतुदीची नाही, पाहणीच्या तक्त्याची आहे. त्यात हेक्टरी सरासरीच्या शेजारी आणखी तीन रकाने असावेत. एका झुडपावर किती पिल्ले मोजली. त्यांत हिरवी किती, काळी पडू लागलेली किती. आणि आसपासची हिरवळ सलग आहे की तुकड्यातुकड्यांत उरली आहे. तिसरा रकाना ‘तुकड्यांत’ असा भरला गेला, तर त्या जागी पुढची फेरी महिन्याने नको, आठवड्याच्या आत हवी. हे काम टोळ कुठेच दिसत नसलेल्या वर्षांतही चालू राहिले पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर माणसे नेमून आणि शिकवून होईपर्यंत झुडपे वाळलेली असतात.

पिल्लांचा रंग ओळखायला पाहणी करणाऱ्या माणसाला एक दुपार पुरते. माझे दोन नमुने अजून शाबूत आहेत. शिकवायला हवे असतील तर पाठवून देईन.

आपला नम्र,
कीटकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक