‘तेव्हाच ओरडली काहून नाही?’

महोदय,

एसटीतल्या गर्दीत मुलींना होणाऱ्या त्रासाबद्दल आपल्या अंकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. पत्र तळमळीनं लिहिलेलं होतं. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. मुलींनी त्याच क्षणी आरडाओरडा केला तर असल्या माणसांची हिंमत होणार नाही, असं त्यांनी लिहिलं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी तिथे ‘मैत्री’ क्लिनिक चालतं. माझ्यासमोर बसून ज्या मुलींनी हा अनुभव सांगितला, त्यातल्या बहुतेक जणी ओरडू शकल्या नव्हत्या. आणि नंतर कित्येक महिने त्या स्वतःला तोच प्रश्न विचारत होत्या, ‘मी ओरडली काहून नाही?’

त्यातल्या एकीची हकिगत तिच्या परवानगीनं लिहिते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. बारावीपर्यंत ती मानव विकासच्या निळ्या बसनं जायची. त्या गाडीत सगळ्या शाळेच्याच मुली असायच्या. कॉलेजला लागल्यावर साधी गाडी आली. प्रॅक्टिकल संपवून निघालं की तिच्या गावाकडे जाणारी एकच गाडी, संध्याकाळी पाच वीसची. बाजाराच्या दिवशी त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. पायाशी भाजीच्या थैल्या, दांडीला लोंबकळणारी माणसं, खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या सीटा. त्रास देणारा माणूस तिच्या पुढच्या गावचा, चाळिशीच्या आसपासचा. चेहऱ्यानं ओळखीचा.

पहिल्या दोन वेळा तिला वाटलं, गर्दीच आहे, धक्का लागणारच. प्रत्येकीला आधी असंच वाटतं, म्हणून यातला फरक सांगते. गर्दीचा धक्का गाडीच्या हालचालीबरोबर येतो आणि जातो. ब्रेक लागला की सगळे पुढे झुकतात आणि सावरतात. हा दाब मात्र रस्ता सरळ असतानाही राहतो, आणि आपण वीतभर सरकलो तर तोही वीतभर सरकतो. ती सरकली होती, तोही सरकला. तिसऱ्या वेळी त्यानं पिशवीच्या आडून हात लावला.

ती मला म्हणाली, “मॅडम, माह्या अंगात जीवच नव्हता. तोंड उघडलं, पण आवाज निघे ना.” गावाच्या दोन थांबे आधी ती उतरली आणि अंधारात चालत घरी गेली.

याला घाबरटपणा म्हणू नये. शेतात कुत्रा आला की ससा आधी गवतात दबून बसतो, पळतो नंतर. अचानक धोका आला की शरीर असंच करतं. पाय जड होतात, घसा आवळतो, डोकं रिकामं होतं. आपण ठरवायच्या आधीच हे होऊन गेलेलं असतं. ओरडणं किंवा फटका मारणं ही शरीराची दुसरी तऱ्हा आहे. या दोहोंतली कोणती येईल, हे त्या क्षणी कोणाच्याच हातात नसतं. माझ्या आईनं मला पर्समध्ये सेफ्टीपिन दिली होती. माझ्यावर वेळ आली तेव्हा ती पिन पर्समध्येच राहिली. त्यानंतर कित्येक वर्षं मला त्या माणसापेक्षा स्वतःचाच राग जास्त यायचा.

राग बहुतेक रात्री येतो. दिवसा मुलगी सुन्न असते, जेवते, अभ्यासाला बसते. अंथरुणावर पडली की तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे फिरतो, आणि दर वेळी ती त्यात काहीतरी वेगळं करते. कधी हात पिरगाळते, कधी चप्पल काढते. सकाळी पुन्हा तीच गाडी. राग काढायला तो माणूस समोर नसतो, मग तो घरच्यांवर निघतो, नाही तर स्वतःवर. ही मुलगी धाकट्या भावावर ओरडू लागली होती आणि दिवसातून तीनदा अंघोळ करत होती. भीती मात्र अंगात बसते. तो माणूस खर्रा खायचा. पुढे कोणी खर्रा घोटत असलं तरी त्या वासानं तिची छाती धडधडायची, हातापायांना घाम यायचा. बाजाराच्या दिवशी पोट दुखू लागलं. आई तिला पोटदुखीसाठीच दवाखान्यात घेऊन आली होती. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

आईला बाहेर बसवून मी तिला विचारलं तेव्हा तिची पहिली विनंती होती, “मॅडम, बाबाले नका सांगू. कॉलेज बंद करतीन.” शहरातल्या मुलीला डबा बदलता येतो, रिक्षा करता येते. इथे गाडी एकच आणि माणूस रोजचा. सांगितलं तर शिक्षण जातं, नाही सांगितलं तर उद्या पुन्हा तोच हात. मुली गप्प राहतात त्याचं हेच कारण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं आहे.

इथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर तिच्याबरोबर असं झाल्याचं कळल्यावर पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. माझ्यावरही ते बंधन आहे, आणि हे मी मुलींना बोलायला लावण्याआधीच सांगते, म्हणजे नंतर विश्वासघात झाल्यासारखं वाटत नाही. ही मुलगी सज्ञान होती, त्यामुळे कोणाला काय सांगायचं ते तिनं ठरवलं.

आम्ही सगळ्यात आधी ते लिहून काढलं. तारीख, गाडीची वेळ, तो कुठे चढला, काय घातलं होतं, आजूबाजूला कोण होतं. पासवर जाणाऱ्या मुलीजवळ तिकीट नसतं, म्हणून गाडीचा नंबर टिपून ठेवणं महत्त्वाचं. तक्रारीला ते कागद लागतातच, पण दुसरा उपयोगही झाला. डोक्यात तुकड्यातुकड्यांनी फिरणारं सगळं कागदावर सलग आलं, तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं की ती तीन वेळा सरकली होती. म्हणजे तिनं विरोध केला होता, आवाजाशिवाय.

मग आत्याला सांगितलं, आत्यानं आईला. आईचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच होतं, “उद्यापासून जाऊ नको.” मी त्यांना विचारलं, शेतात डुक्कर शिरलं तर आपण पेरणी सोडतो का? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. वडिलांना आत्यानंच समजावलं. ते रागानं त्या माणसाच्या घरी निघाले होते. त्यांना थांबवायला दोन दिवस गेले, कारण मारामारी झाली असती तर मुलीची गोष्ट बाजूला पडून दोन घरांचं भांडण उरलं असतं.

गाडीची भीती घालवायला महिना लागला. आधी मैत्रिणीबरोबर स्टँडवर उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीत दहा मिनिटं बसायचं, छाती धडधडली तरी उतरायचं नाही, श्वास आत घेतो त्यापेक्षा हळू बाहेर सोडायचा. धडधड आपोआप ओसरते, पण ती ओसरेपर्यंत थांबावं लागतं. आधीच उतरलं तर भीती आणखी पक्की होते. मग दुपारच्या मोकळ्या गाडीनं एक थांबा. मग पाच वीसची, मैत्रीण मागे उभी. बाजाराचा दिवस सगळ्यात शेवटी.

आणि आवाज. रुग्णालयामागच्या लिंबाखाली तिनं दोनच वाक्यं मोठ्यानं म्हणायची सवय केली. “ओ, हात काढा!” आणि “कंडक्टर भाऊ, हा पांढऱ्या शर्टवाला हात लावून राहिला, गाडी थांबवा.” नुसतं ‘काय करता हो’ म्हटलं तर सगळे इकडेतिकडे पाहतात. कोणी, काय केलं आणि मदत कोणाकडे मागते आहे, हे तिन्ही त्या वाक्यात हवं. पहिल्या दिवशी तिचा आवाज मलाही ऐकू आला नाही. सरावानंतरही शरीर पुन्हा गोठू शकतं, हे मी तिला सांगून ठेवलं होतं.

तक्रार करायची का, यावर ती बरेच दिवस विचार करत होती. तिचा प्रश्न होता, कपड्यावरूनच तर हात लावला, याची तक्रार होते का? होते. लहान मुलीच्या एका प्रकरणात कातडीला कातडी लागली नाही म्हणून पोक्सोचा गुन्हा होत नाही, असा निकाल जानेवारी 2021 मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं दिला होता. 18 नोव्हेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि हेतू महत्त्वाचा असल्याचं सांगितलं. सज्ञान मुलीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 74 आहे. शिक्षा कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि गाडी कुठल्या हद्दीत होती याचा घोळ असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. उशीर झाला तर उशिराचं कारण जबाबात लिहून घ्यावं. ‘घरी सांगायची हिंमत नव्हती’ हेही कारण आहे.

तिनं ठाण्यात जायचं नाही असं ठरवलं. ती आणि तिच्या चार मैत्रिणी स्टँडवरच्या वाहतूक नियंत्रकाकडे लेखी अर्ज घेऊन गेल्या. त्यांनी आधी, “गर्दीत होतंच थोडंफार,” असं म्हटलं. मुलींनी तारखा आणि गाडीचा नंबर पुढे ठेवला, तेव्हा त्यांनी अर्जावर पोच दिली. आता त्या गाडीचा कंडक्टर मुलींना आधी चढवून पुढच्या सीटा देतो. तो माणूस महिनाभर दिसला नाही, मग पुन्हा दिसला. मागे उभा असतो. ती म्हणते, तिला त्याला माफ करायचं नाही, आणि मीही तिला तसं कधी सुचवलं नाही. खर्ऱ्याचा वास आला की ती अजून खिडकी उघडते, पण उतरत नाही.

त्या वाचकांना माझी विनंती आहे. गाडीत एखादी मुलगी जागच्या जागी सरकताना दिसली, तर तिच्या ओरडण्याची वाट पाहू नका. ‘पोरी, इकडे ये, माझ्या जागेवर बस,’ एवढं म्हटलं तरी त्या माणसाला कळतं की कोणीतरी पाहतं आहे. झोप उडाली असेल, गाडीची भीती जात नसेल आणि जवळ बोलायला कोणी नसेल, तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर दिवसरात्र मराठीतून, फुकट बोलता येतं. गाडीतच मदत हवी असेल तर 112.

माझं आणि गावाचं नाव छापू नये. आमचा तालुका लहान आहे, माझ्या नावावरून त्या मुलीपर्यंत पोचायला कोणाला अर्धा दिवसही लागणार नाही.

आपली,
एक समुपदेशक, जि. यवतमाळ